आत खोचायचं टोक

लग्नाआधी मी धूसरपणा विकायची. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापड छापणारा एक कारखाना होता, तिथे संगणकावर नक्षी तयार करायचं काम माझ्याकडे होतं. इकतची छापील नक्कल तेव्हा चांगली खपत होती. अस्सल इकतमध्ये नक्षीच्या कडा सरळ कापल्यासारख्या नसतात, जरा विस्कटलेल्या, जरा पाघळलेल्या असतात. छपाईत मात्र कड सुरीने कापल्यासारखी येते आणि गिऱ्हाईक लगेच ओळखतं. म्हणून साहेब म्हणायचे, कडा बिघडवा. मी दिवसभर बसून चांगल्या कडा बिघडवायची, आणि त्याचा पगार घ्यायची. किती बिघडवायच्या याचं माझं डोळ्यात बसलेलं माप होतं. कमी झालं तर खोटं दिसतं, जास्त झालं तर रंग उतरल्यासारखं वाटतं.

मग मी ज्याच्याशी लग्न केलं त्याच्या घरी अस्सल इकत विणलं जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझ्या बहिणीने तेव्हा मला चिडवलं होतं, कारण ते घर आमच्या अमरावतीतच, माझ्या माहेरापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझे सासरे तेलंगणातल्या विणकरांच्या घरचे. तरुणपणी इथल्या एका विणकर सोसायटीत शिकवायला म्हणून आले. सोसायटी बंद पडली, ते राहिले. घरामागे लांबच लांब टिनाची शेड घातली, दोन माग बसवले. तेलुगू घरच्या रीतीने मी त्यांना मामय्या म्हणते आणि सासूबाईंना अत्तय्या. दोघं आपसात तेलुगू बोलतात आणि बाकी जगाशी ठसठशीत वऱ्हाडी. माझा नवरा दोन्हींत भांडतो.

पहिल्यांदा मी त्या शेडमध्ये गेले तेव्हा नवी नवरी होते, आणि माझा समज असा की आधी कापड विणतात, मग त्यावर काहीतरी करून नक्षी उठवतात. तिथे कापड नव्हतंच. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभे धागे, म्हणजे ताणा, ताणून ठेवले होते, पांढरेशुभ्र, आणि त्यांच्या बारक्या बारक्या जुड्या केल्या होत्या. मामय्या त्यांच्यापाशी बसून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या एकेका जुडीवर गुंडाळत होते. पट्टीचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात. तीन-चार वेढे, एक हिसका, टोक आत सरकवलं की झाली गाठ. जिथे पट्टी, तिथे रंग शिरणार नाही. बाकी सगळा धागा रंगेल.

मी जवळ जाऊन धाग्यांवर वाकून पाहिलं. नक्षी अजून कुठेच नव्हती. होत्या त्या फक्त काळ्या रबराच्या गाठी, हजारोंनी, आणि त्या माणसाला त्यांच्यात साडी दिसत होती.

काही दिवसांनी त्यांनी मला गाठी सोडायला बसवलं. धागे रंगून, सावलीत पुरते वाळून आले होते. ओले असताना गाठ सोडायची नाही, नाहीतर ओला रंग पांढऱ्यात पळतो, हे अत्तय्यांनी मला तीनदा बजावलं. मी पट्टीचं टोक धरून ओढलं. पट्टी उलगडली आणि आतून पांढरा धागा निघाला. कोरा, जसाच्या तसा, मात्र त्याच्या दोन्ही टोकांना लाल जरासा आत डोकावलेला. कितीही घट्ट बांधा, रंग गाठीच्या कडेखालून केसभर तरी शिरतोच. शिवाय ते धागे मागावर चढवताना, विणताना एकमेकांपासून जरा पुढेमागे सरकतात. म्हणून कड विस्कटते. जे मी कारखान्यात बसून हाताने बिघडवत होते ते इथे रंग आणि धागा आपापल्या मर्जीने करत होते, आणि एकही कड दुसरीसारखी नव्हती. मी मामय्यांना सांगितलं की मी हेच काम पगारावर करत होते. ते हसले आणि म्हणाले, मग तुझा हात बसलेला आहे, बस इथे. मी नोकरी सोडली त्याचं कारण घरात अजून वेगवेगळं सांगितलं जातं, पण खरं कारण ती पट्टी.

आता त्या साडीकडे येते.

अत्तय्यांनी जन्मभर इकत बांधलं, धागे उकलले, रंगवले, आणि स्वतः मात्र कधी इकत नेसल्या नाहीत. घरात बनलेली साडी घराबाहेर जायची, आणि त्या छापील पातळात वावरायच्या. एकदा तर आमच्याच कारखान्याचं छापील इकत त्या बाजारातून घेऊन आल्या. मी कपाळाला हात लावला. मामय्यांनी ते पाहिलं, आणि पुढच्या ताण्याला बसताना म्हणाले की हा ताणा हिचा. सून, मुलगा, गिऱ्हाईक, कुणी यावर डोळा ठेवायचा नाही.

नक्षी त्यांच्या डोक्यात होती. पदरावर तांदूळ सांडावेत तशी पांढऱ्या शंकरपाळ्यांची दाटी, प्रत्येक पांढऱ्याभोवती लाल कड, आणि जमीन गडद, काळ्याकडे झुकणारी. पदरापासून पुढे ही दाटी विरळ होत जाणार, आणि शेवटी, जे टोक कमरेला आत खोचतात तिथे, दोन-चारच दाणे उरणार. सारखी सारखी नक्षी असली की ताणा घडी घालून एका गाठीत चार-चार जागा उरकता येतात. ही उरकण्यासारखी नव्हती. प्रत्येक जागा वेगळी बांधायची. त्यांनी पदरापासून सुरुवात केली, एक आडवी ओळ पुरी करायची आणि मग पाट पुढे सरकवायचा. रोज थोडंथोडं करत ते शेडच्या त्या टोकाकडे निघाले.

नवरा म्हणाला की एवढ्या वेळात दुकानाचे दोन ताणे झाले असते. मामय्या म्हणाले, "तुह्या मायसाठी करून राहिलो. तुले काय घाई हाय?"

अत्तय्या समोर बसून जुड्या ताणून धरायच्या. साडी आपल्यासाठी आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या तसं दाखवत नव्हत्या. चाळिसेक वर्षांच्या संसारात मिळालेली ही एवढीच भेट, असं मी एकदा थट्टेत म्हटलं, तर त्या म्हणाल्या की भेट कसली, अर्धं काम मीच करून राहिली.

पांढऱ्याच्या गाठी एकदाच्या संपल्या. त्याच आठवड्यात, सकाळी अंगणात दात घासताना, मामय्या उजवीकडे झुकले आणि बसले ते उठलेच नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचा रक्तपुरवठा अडून झटका आला आहे. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. जीव वाचला. त्यांना घरी आणलं, आणि त्यांनीच खुणेने सांगितलं म्हणून शेडमध्ये, ताण्याच्या बाजूला, त्यांची खाट टाकली. ते तिथून गाठींकडे बघत पडायचे. बोलायला गेले की एकच शब्द तोंडातून यायचा, तेलुगूतला, आणि तोही दरवेळी हव्या त्या अर्थाचा नसायचा. चिडले की तोंड भिंतीकडे करायचे. फिजिओथेरपीवाला मुलगा हातात मऊ चेंडू द्यायचा, दाबा म्हणायचा. चेंडू खाली पडायचा.

आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न होता. हा माणूस पुन्हा गाठ मारेल का, हा नव्हे. त्याचं उत्तर डॉक्टरांनी चेहऱ्याने देऊन टाकलं होतं. प्रश्न असा होता की स्वतः सुरू केलेली ती एक साडी त्यांना पुरी झालेली दिसेल का, आणि दिसल्यावर तिच्यात ते स्वतःचं काय बघतील. डॉक्टरांनी पुन्हा झटका येऊ शकतो असंही सांगितलं होतं, त्यामुळे थांबायला सवड नव्हती.

अत्तय्यांनी पदर खोचला. बांधलेल्या जुड्या ताणावरून उतरवून लालमध्ये बुडवल्या, पिळल्या, वाळवल्या, पुन्हा ताणल्या. मग जिथे लाल राहायला हवा तिथे, मामय्यांच्या प्रत्येक गाठीच्या अगदी शेजारी, स्वतःच्या गाठी घातल्या. मामय्यांची गाठ सोडायची नाही, ती पांढरं राखते आहे. आपली तिच्याभोवती बसवायची. मग गडद रंगात बुडवायचं, म्हणजे दोन्ही गाठींच्या बाहेरचं सगळं काळपट होतं. कुठली जुडी कुठे, हे त्या खाटेकडे बघून विचारायच्या, आणि मामय्या डाव्या हाताचं बोट वर करायचे किंवा आडवं हलवायचे. त्या दोघांचं हे चाललं की मी काम सोडून बघत राहायची. इतकं नेमकं बोलणं मी दोन बोलत्या माणसांतही फारसं पाहिलेलं नाही.

गाठी सोडल्या, ताणा मागावर चढला, आणि नवरा विणायला बसला. आडवा धागा साधा, गडद, एकरंगी. त्यामुळे पांढरा अगदी पांढरा राहत नाही, राखेच्या बाजूला जरा झुकतो. पदर आधी उतरला. काय सांगू! मी अमरावतीच्या दुकानांतून, कारखान्याच्या नमुन्यांतून हजारो इकत बघितली असतील, पण ते तांदूळ असे दाटलेले होते की हात लावला तर टोचतील असं वाटावं. पांढऱ्याची कड लालमध्ये केसभर विरलेली, लालची कड काळ्यात केसभर. आतली कड मामय्यांची, बाहेरची अत्तय्यांची. एकेका दाण्यात नवराबायको शेजारी शेजारी बसले होते, आणि दोघांचा हात सारखा घट्ट होता.

काही दिवस मी त्याकडे नुसती कौतुकाने पाहत होते. मग कापड मागावर गुंडाळलं जाऊ लागलं, नक्षी विरळ होऊ लागली, आणि माझ्या डोळ्यातलं ते जुनं माप जागं झालं.

बाहेरची कड तशीच होती. आतली बदलत होती. लाल केसभर शिरत होता तो हळूहळू दोराभर शिरायला लागला. पुढे बोटाच्या नखाएवढा. मी आधी म्हटलं, रंग जास्त वेळ ठेवला असेल. पण सगळे धागे एकाच वेळी बुडवले होते, आणि पदरावरचे दाणे स्वच्छ होते. धागे सरकले म्हणावं तर बाहेरची कडही विस्कटायला हवी होती. ती ठाम होती. म्हणजे रंग गाठीखालून गेला होता. म्हणजे गाठी सैल होत्या. आणि गाठी ओळीओळीने, दिवसादिवसाने बांधत मामय्या पदराकडून शेवटाकडे गेले होते.

अंगणात ते कोसळले त्याच्या कितीतरी आधी त्यांचा उजवा हात जायला लागला होता. शर्टाचं बटण उघडं राहायचं, चहाचा कप त्यांनी डाव्या हातात घ्यायला सुरुवात केली होती, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारपण. नंतर डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मोठ्या झटक्याआधी असे लहान लहान झटके येऊन गेलेले असू शकतात, घरच्यांना कळतही नाहीत. आम्हाला कळलं नाही. धाग्याला कळलं होतं, आणि त्याने ते रंगात धरून ठेवलं होतं. भीती वाटावी असं ते होतं, आणि तरी इतकं सुंदर की मला नजर काढता येईना. पांढऱ्यातून लालकडे जाताना मध्ये एक गुलाबी पट्टा तयार झाला होता, कुठलीही कड नसलेला. असा धूसरपणा मला संगणकावर कधी जमला नव्हता.

नवऱ्याला सांगायला गेले तर त्याला ते माझ्याआधी कळलं होतं. तो विणत होता, त्याच्या हाताखालूनच ते गेलं होतं. त्याचं म्हणणं, रोज बाबा बांधत असताना मी दहा हातांवर दुसऱ्या मागावर बसलो होतो. त्याला तिथून पुढचा भाग कापून टाकायचा होता. पदराकडचा तुकडा ओढणी म्हणून आईला द्यायचा, आणि बाबांना सांगायचं की धागा तुटला. त्यांच्या हाताने काय झालं ते त्यांना दिसता कामा नये.

मी म्हटलं, कापायची काय गरज आहे. हे तर आत खोचायचं टोक. पदर खांद्यावर येईल, दाटी दिसेल, मधलं अंग निऱ्यांत जाईल, आणि हे सगळं कमरेच्या आत. कुणालाही दिसणार नाही, मामय्यांनाही नाही. त्याला ते पटलं. आम्ही दोघांनी मिळून ते ठरवलं आणि आपण फार शहाणे आहोत असं मला वाटलं. शेवटच्या हातभर कापडात तर दाणे जवळजवळ गुलाबीच झाले होते, मधोमध फक्त राईएवढा पांढरा ठिपका.

साडी मागावरून उतरली ती अत्तय्यांनी घडी न उघडता नेली. दुसऱ्या दिवशी माझे बाबा यायचे होते. बाबांची शहराबाहेर फुलांची शेती आहे, शेवंती आणि झेंडू. मामय्या आजारी पडल्यापासून ते दर आठवड्याला येतात, खाटेशेजारी बसतात, बाजारात फुलं काय भावाने गेली ते सांगतात, आणि मामय्या ऐकतात. त्या दिवशी आम्ही मामय्यांना खुर्चीवर बसवलं होतं. मी चहा ओतत होते.

अत्तय्या ती साडी नेसून शेडमध्ये आल्या.

गडद काळपट जमीन, आणि खांद्यावरून समोर येणाऱ्या टोकावर तीन-चारच दाणे, मोठे, गुलाबी, कडा हरवलेले. पदर दिसत नव्हता. तो भरगच्च पदर त्यांनी कमरेला आत खोचला होता.

बाबांच्या तोंडाला कुलूप नाही. ते म्हणाले, "इहिनबाई, घाईत साडी उलटी नेसली काय? पदर आत गेला तुमचा."

अत्तय्या म्हणाल्या, पदर कुठे आहे ते त्यांना माहीत आहे.

नवरा उठला. तो आईला तेलुगूत काहीतरी हळू बोलला, मग माझ्या बाबांच्या लक्षात येऊ नये याचं भान सुटून वऱ्हाडीतच म्हणाला, "अम्मा, ते टोक आत राहू दे ना व. तिथच्या गाठी सैल हायेत."

त्या त्याच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही.

"सैल? मी समोर बसून होती. तिकडच्या पदरात त्यायचा हात नुसता चालत होता, गप्पा मारत मारत. इथं एकेक गाठ मारायले त्यायले घाम फुटत होता. दातानं ओढत होते, ओठातून रक्त आलं एकदा. सगळ्यात जास्त जोर त्यायनं इथं लावला. आन हेच मी आत खोचू?"

म्हणजे अत्तय्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. जुड्या लालमध्ये बुडवायला उतरवताना त्यांच्या बोटांना सैल गाठी लागल्या नसतील हे शक्यच नव्हतं. तेव्हाच त्या पुन्हा घट्ट बांधणं त्यांच्या हातात होतं. पण खाटेवरून मामय्या बघत होते, आणि त्यांनी बांधलेलं सोडायचं नाही असं अत्तय्यांनी ठरवलं होतं. मी आणि नवरा जे लपवायची हुशारी करत होतो ते त्या खांद्यावर घेऊन आल्या होत्या.

त्या खुर्चीपाशी गेल्या. मामय्यांनी डावा हात वर केला आणि ते टोक धरलं. चाचपत चाचपत ते एका दाण्यावर आले, आणि गुलाबी जिथे पांढऱ्याला मिळतो तिथे अंगठा ठेवला. बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळलं. विणकराला ते न कळणं शक्य नव्हतं, आपण केव्हापासून हरत आलो होतो ते त्यात सगळं लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता हे तोंड भिंतीकडे करतील.

त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलायचा प्रयत्न केला. तो आला नाही, तेव्हा अत्तय्यांनीच तो उचलून कापडावर ठेवला, डाव्याच्या शेजारी. मग मामय्यांनी कापडाचा तो भाग डाव्या हाताने ओढला, जरासा हिसका देऊन, गाठ घट्ट करताना द्यायचे तसा.

माझ्या बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ते शेतकरी माणूस, रडायला त्यांना वेळ लागतो. ते एवढंच म्हणाले की आता बराबर दिसून राहिली साडी.

मी चहा दिला. मामय्यांनी कप घेतला नाही, कारण त्यासाठी डाव्या हातातलं टोक सोडावं लागलं असतं. चहा गार झाला तरी अत्तय्या तशाच त्यांच्या खुर्चीला लागून उभ्या होत्या.